सातने भागायचा आकडा

एमआरएफचा शेअर १३ जून २०२३ रोजी एक लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हा त्याची बातमी सगळीकडे झाली. त्याच बाजारात, त्याच दिवशी, चाळीस-पन्नास रुपयांच्या घरातल्या कितीतरी शेअरमध्ये जोरदार व्यवहार चालू होते. मी दर रविवारी पाचशे शेअरची यादी चाळतो आणि पुढच्या आठवड्यात कोणाकडे लक्ष द्यायचं ते ठरवतो. या कामात असे दोन टोकांचे भाव एकाच तक्त्यात शेजारी बसतात. त्यांची चाल कशी तोलायची, हा माझ्या कामातला रोजचा प्रश्न आहे. म्हणून मॅकडी आणि पीपीओ यांच्यातल्या फरकाबद्दल मला मनापासून लिहावंसं वाटतं.

मॅकडी बहुतेकांना ठाऊक असतो. जेराल्ड अपेल या अमेरिकन विश्लेषकाने तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस मांडला. बंद भावाची १२ दिवसांची एक्स्पोनेन्शियल सरासरी घ्यायची, म्हणजे जिला आपण ईएमए म्हणतो ती, आणि तिच्यातून २६ दिवसांची ईएमए वजा करायची. उरतो तो मॅकडी. त्याचीच ९ दिवसांची ईएमए म्हणजे सिग्नल लाइन. पीपीओ, अर्थात पर्सेंटेज प्राइस ऑसिलेटर, या वजाबाकीला एक भागाकार जोडतो.

```
MACD = EMA12 - EMA26
PPO  = (EMA12 - EMA26) / EMA26 * 100
```

मॅकडीचा आकडा रुपयांत असतो आणि पीपीओचा टक्क्यांत. हे सगळ्यांना पाठ असतं. पण मॅकडी १२०० आहे म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. मला या आकड्याचा अर्थ लागला तो एका साध्या हिशेबाने, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी तो कागदावर करायला लावतो.

एखादा शेअर रोज बरोबर दहा रुपये वाढतोय असं धरा. सरासरी नेहमी भावाच्या मागे राहते. १२ दिवसांची ईएमए अशा सरळ चढात साडेपाच दिवस मागे असते, म्हणजे भावापेक्षा ५५ रुपये खाली. २६ दिवसांची साडेबारा दिवस मागे, म्हणजे १२५ रुपये खाली. दोघींमधलं अंतर सत्तर रुपये. वाढ रोज पाच रुपयांची असती तर ते पस्तीस झालं असतं. थोडक्यात, चाल स्थिरावली की मॅकडी म्हणजे रोजच्या सरासरी वाढीच्या सातपट. खऱ्या बाजारात चाल इतकी सरळ कधीच नसते, त्यामुळे उत्तर ढोबळ येतं. पण मॅकडीला सातने भागलं की शेअर गेल्या काही आठवड्यांत दिवसाला साधारण किती रुपयांनी सरकतोय ते कळतं. पीपीओला सातने भागलं की दिवसाला किती टक्के, ते कळतं.

आता त्या दोन शेअरकडे येऊ. समजा एमआरएफची १२ दिवसांची ईएमए १,०१,२०० आहे आणि २६ दिवसांची १,००,०००. मॅकडी आला १२००. दुसऱ्या शेअरच्या ईएमए ४२ आणि ४० आहेत, म्हणजे मॅकडी २. तक्ता मॅकडीनुसार लावला तर पहिला शेअर सगळ्यात वर बसेल आणि दुसरा तळात दिसेनासा होईल. पण सातने भागून पाहा. एमआरएफ दिवसाला सुमारे १७० रुपये चढतोय, म्हणजे लाखाच्या भावावर जेमतेम ०.१७ टक्के. दुसरा दिवसाला सुमारे २९ पैसे, म्हणजे चाळीस रुपयांवर ०.७ टक्के. त्यांचे पीपीओ १.२ आणि ५ येतात. जोर चौपट आहे तो स्वस्त भावाच्या शेअरमध्ये. मॅकडीच्या क्रमवारीने आपल्याला भावाचीच क्रमवारी दिली होती, चालीची नव्हे.

इथपर्यंतचं बहुतेकांना पटकन पटतं. जे सहज पटत नाही ते पुढे आहे: भावांच्या पातळीतला हा फरक दोन वेगळ्या शेअरमध्येच असतो असं नाही, एकाच शेअरच्या दोन काळांतही तो असतो. सेन्सेक्सचंच पाहा. २३ मार्च २०२० रोजी तो ३,९३४ अंकांनी पडला. ४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, ४,३८९ अंकांनी पडला. अंकांत दुसरी पडझड मोठी. पण पहिल्या दिवशीची घट १३.१५ टक्के होती आणि दुसऱ्या दिवशीची ५.७४ टक्के. मॅकडी अंकांवर चालतो, म्हणून त्याला जून २०२४चा तो दिवस मोठा वाटतो.

चढत्या बाजारात या दोषाने फार नुकसान होत नाही. भाव वाढत जातो तशी मॅकडीची शिखरं आपोआप उंच होत जातात आणि तेजीचा दम संपत आला तरी ते उशिरा कळतं, एवढंच. उतरत्या बाजारात मात्र तो सरळ सरळ फसवतो, आणि मला या बाबतीत सावध करावंसं वाटतं ते इथेच.

एक शेअर ३०० रुपयांवरून रोज एक टक्का घसरतोय असं समजा. या वेगाने तो ३० रुपयांवर यायला सुमारे २२९ सत्रं लागतात, म्हणजे अकरा महिन्यांच्या आसपास. पूर्ण काळात घसरणीचा वेग तसूभरही बदललेला नाही. पीपीओ नेमकं तेच सांगतो: सुरुवातीचे काही आठवडे गेले की तो उणे साडेसातच्या आसपास येऊन आडवा पडतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. मॅकडी काय करतो? भाव ३००च्या जवळ असताना घसरण मुरलेली असेल, तर तो उणे २५च्या आसपास असतो. भाव १०० झाला की उणे साडेआठ. तीसवर उणे अडीच. म्हणजे भाव नवनवे नीचांक करतोय आणि मॅकडी शून्याकडे चढतोय. चार्टवर हे चित्र हुबेहूब तेजीच्या डायव्हर्जन्ससारखं दिसतं. मॅकडी सतत चढत असल्यामुळे तो आपल्या सिग्नल लाइनच्या वर राहतो आणि हिस्टोग्रामही हिरवा. पुस्तकातली खूण ओळखणारा माणूस इथे खरेदी करतो, आणि शेअर रोज एक टक्का पडतच असतो.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता आणि मार्च २०२०च्या पहिल्या आठवड्यात, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यानंतर, एकेरी आकड्यापर्यंत आला. या काळाचा चार्ट उघडला की मॅकडीचे सगळे मोठे झोके डाव्या बाजूला दिसतात, आणि भाव दोन आकड्यांत आल्यानंतरचा भाग जवळपास सपाट रेघ वाटतो. सर्वांत भयंकर टक्केवारीची घसरण त्याच सपाट दिसणाऱ्या भागात झाली. पीपीओ लावला की तो भाग पुन्हा जिवंत होतो.

दोन्हींचा शून्य ओलांडण्याचा दिवस मात्र एकच असतो. १२ दिवसांची ईएमए २६च्या वर गेली की वजाबाकीही धन आणि भागाकारही धन. फरक पडतो तो सिग्नल लाइनच्या छेदात, शिखरांच्या उंचीत आणि डायव्हर्जन्समध्ये.

जुन्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नेस्ले इंडियाच्या शेअरचं जानेवारी २०२४मध्ये एकाचे दहा असं स्प्लिट झालं आणि सत्तावीस हजारांच्या आसपासचा भाव सत्तावीसशेच्या घरात आला. चार्ट देणाऱ्या कंपन्या मागचे सगळे भाव दहाने भागून जुळवतात. साहजिकच वहीत आधी लिहून ठेवलेला मॅकडी ४०० असेल, तर आज त्याच तारखेला चार्टवर ४० दिसतो. पीपीओ जसाच्या तसा राहतो, कारण अंश आणि छेद दोन्ही दहाने भागले गेलेले असतात. बोनसचंही तसंच. मी जुन्या नोंदी फक्त टक्क्यांत ठेवतो त्यामागचं मोठं कारण हे आहे.

पीपीओने भावाची पातळी बाजूला होते, शेअरचा स्वभाव नाही. साबण-बिस्किटं विकणाऱ्या कंपनीच्या शेअरचा पीपीओ २ झाला तर तो कदाचित वर्षातला सर्वोच्च असेल. धातूच्या एखाद्या लहान कंपनीत ४ ही नेहमीची हालचाल असते. दोघांना एका रांगेत उभं केलं तर वर कायम चंचल शेअरच येणार. म्हणून माझ्या तक्त्यात पीपीओच्या शेजारी दुसरा रकाना असतो: आजचा आकडा त्या शेअरच्याच गेल्या वर्षभराच्या पल्ल्यात कुठे बसतो. काही जण ईएमएंमधला फरक भावाऐवजी एटीआरने, म्हणजे शेअरच्या रोजच्या सरासरी हालचालीने भागतात. तेही चांगलं. दोन्ही उपाय एकाच अडचणीवर आहेत.

स्वतः कोड लिहून यादी चाळणाऱ्यांनी एक तपासावं. टीए-लिब या प्रसिद्ध लायब्ररीत पीपीओचं फंक्शन वेगळं काही सांगितलं नाही, तर साधी सरासरी वापरतं, ईएमए नाही. त्यामुळे चार्टवरचा आकडा आणि कोडमधला आकडा जुळत नाही, आणि माणूस डेटा चुकलाय असं समजून तासन्‌तास शोधत बसतो. प्रकार स्पष्ट द्यावा लागतो:

```python
ppo = talib.PPO(close, fastperiod=12, slowperiod=26, matype=1)
```

इथे `matype=1` म्हणजे ईएमए. शिवाय २६ दिवसांची ईएमए मुरायला वेळ लागतो. २६ सत्रांनंतरही सुरुवातीच्या आकड्याचा साधारण साडेतेरा टक्के अंश तिच्यात शिल्लक असतो, शंभर सत्रांनंतर तो नगण्य होतो. नुकत्याच लिस्ट झालेल्या शेअरचा पीपीओ मी यादीत धरतच नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे पीपीओ हातात धरूच नये. भागायचा आकडाच शून्याजवळ किंवा शून्याखाली जाऊ शकतो तिथे टक्क्याला काही अर्थ उरत नाही. एप्रिल २०२०मध्ये एमसीएक्सवर कच्च्या तेलाच्या त्या महिन्याच्या कराराचा हिशेब उणे २,८८४ रुपये प्रति बॅरल या भावाने झाला. दोन करारांमधला फरक, दोन शेअरमधला स्प्रेड, मागे जोडत नेलेली फ्युचर्सची मालिका, हे सगळं याच वर्गात येतं. तिथे रुपयांतला मॅकडीच खरा.

पुढच्या वेळी चार्ट उघडाल तेव्हा येस बँकेचा २०१८ ते २०२० हा काळ लावा, खाली एका पट्टीत मॅकडी आणि दुसऱ्या पट्टीत पीपीओ ठेवा, आणि शेवटच्या सहा महिन्यांत दोघांनी काय सांगितलं ते आठवड्या-आठवड्याने वहीत लिहा. पडत्या शेअरमध्ये मॅकडीचं डायव्हर्जन्स पाहून पैसे लावण्याआधी एवढं तरी नक्की करा.