तेरा मिनिटं चाळीस सेकंद

चि. बाळ,

रामटेकला ज्योतिषाची पदविका घेतलीस आणि पहिलीच पत्रिका आली ती विभक्त होण्याच्या प्रश्नाची. “मामा, सप्तमेश बिघडलाय, दुसऱ्या विवाहाचा योग दिसतोय, सांगू का?” असं तू विचारलं आहेस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण या प्रश्नात मी स्वतः बरंच शिकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१२ सालची गोष्ट. गांधीबागेत दुपारी कापडाच्या गाठींच्या हातगाड्या रस्ता अडवून उभ्या असतात, त्यांतून वाट काढत एक बाई जिना चढून आल्या. वय तेहतीस. दोन वर्षांपासून माहेरी. पिशवीतून हळदीची बोटं उमटलेली, घडीवर फाटलेली पत्रिका काढली आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “काका, सांगून टाका न, दुसरं होईल का नाही?” त्याआधी एका ज्योतिषाने त्यांना दिवाळीपर्यंत दुसरं लग्न “पक्कं” सांगितलं होतं. त्या भरवशावर, कोर्टात अर्जही गेला नव्हता तरी, घरच्यांनी एका स्थळाशी बोलणी सुरू केली होती. कुंडली वापरायला त्यांनी मला परवानगी दिली आहे.

तूळ लग्न. सप्तमात मेष, तिचा स्वामी मंगळ षष्ठात मीनेत. सप्तमापासून षष्ठ हे व्ययस्थान, म्हणून संसारातली झीज तिथे दिसते. सोबत शुक्र, उच्चीचा, पण षष्ठातच. कर्केतला उच्चीचा गुरू नवम दृष्टीने या जोडीकडे पाहतो. एवढ्यावर कुणी म्हणेल गुरू सांभाळून घेईल. पण तूळ लग्नाला गुरू षष्ठेशच आहे, वादाचा नि कज्ज्याचा धनी. म्हणजे हीच दृष्टी एकजण समेटाची वाचेल, दुसरा कोर्टाची. दोघांकडेही ग्रंथाचा आधार असेल.

आता दुसऱ्या विवाहाचं. तो कोणत्या स्थानावरून पाहायचा यावर आपल्यात एकमत नाही, हे तुला शिकवलं असेलच. कुणी द्वितीय स्थान पाहतात. इथे तिथे वृश्चिक, स्वामी पुन्हा तोच षष्ठातला मंगळ. कुणी सप्तमापासून तिसरं म्हणून नवम पाहतात. तिथे मिथुन, स्वामी बुध, तो मीनेत नीच आणि तोही षष्ठात. कुणी एकादश पाहतात. तिथे सिंह, स्वामी रवी, आणि तो मेषेत उच्चीचा होऊन थेट सप्तमात बसलेला! त्या ज्योतिषाने हा रवी पाहिला आणि दिवाळी सांगून टाकली. त्याच सिंहेत शनी-राहू एकत्र बसले आहेत, ते त्याने सोडून दिलं. कुंडली एक, पद्धती तीन, उत्तरं तीन. आपल्याला हवं ते उत्तर देणारी पद्धत निवडता येते, या प्रश्नातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. म्हणून समोरच्याचा प्रश्न ऐकण्याआधीच ठरव की तू कोणतं स्थान पाहतेस, आणि मग ते बदलू नकोस.

आणखी एक ध्यानात ठेव. ग्रंथांतले द्विभार्या योग पुरुषाच्या पत्रिकेसाठी सांगितले आहेत, तेही पहिली बायको घरात असताना दुसरी आणता यायची त्या काळात. बाईच्या पत्रिकेच्या श्लोकांत मुख्यतः वैधव्य येतं, आजच्या अर्थाचा घटस्फोट नाही. विधवेच्या लग्नाला कायद्याने मान्यता मिळाली १८५६ साली, आणि हिंदूंमधलं बहुपत्नीत्व देशभर बंद होऊन घटस्फोटाचा मार्ग मिळाला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. त्यामुळे “वैधव्य म्हणजे आजचा घटस्फोट” असं सरसकट भाषांतर करून आपण बोलतो, तेव्हा ते आपलं अनुमान असतं, ऋषींचं वचन नसतं. समोर बसलेल्या बाईला ते तसंच सांगायला हवं. वैधव्य हा शब्द मात्र तिच्यासमोर उच्चारूही नकोस.

आता मुख्य गोष्टीवर येतो. मी नवांश काढायला घेतला आणि थांबलो. जन्मवेळ लिहिली होती संध्याकाळी पावणेसात. त्या वेळेला लग्न तुळेच्या दहा अंशांच्या अगदी कडेला येत होतं. दहाच्या आत असेल तर नवांश लग्न धनू, गुरू नवमात, लग्नावर दृष्टी ठेवून. दहा ओलांडले की नवांश लग्न मकर, आणि तोच गुरू अष्टमात. जोडीदाराचा विचार ज्या नवांशावर आपण ठरवतो, तोच असा पालटतो. एक नवांश तीन अंश वीस कलांचा, म्हणजे लग्नाला तो ओलांडायला साधारण सव्वातेरा मिनिटं लागतात. आता आपलं नागपूर बघ. प्रमाणवेळेचं रेखांश साडेब्याऐंशी, आपलं सुमारे एकोणऐंशी अंश पाच कला. फरक जवळजवळ तेरा मिनिटं चाळीस सेकंदांचा. हाताने पत्रिका मांडताना ही स्थानिक वेळेची वजाबाकी कुणी विसरला किंवा दोनदा केली, तर नेमका एक नवांश सरकतो. संगणकावर गणित बरोबर होतं, पण जन्मगाव मुंबईच राहून गेलं तर जवळजवळ पंचवीस मिनिटांची चूक होते. त्यामुळे छापील पत्रिकेवरही स्थळ आणि लग्नाचे अंश आधी तपास.

मी त्यांना आईला फोन लावायला सांगितला. आई म्हणाल्या, “दिवेलागण झाली होती, बाकी घड्याळ कोण पाहते!” ज्या दवाखान्यात जन्म झाला तिथली जुनी नोंद मिळाली नाही. मग मी वहीच्या एकाच पानावर दोन नवांश शेजारी शेजारी मांडले, त्यांना दाखवले आणि दोन्हींत जे टिकलं तेवढंच बोललो. संसारात झीज आहे, ती तुमच्या दोषाने आली असं पत्रिका म्हणत नाही. वाद कागदोपत्री जाण्याचा कल दिसतो. दुसरा विवाह होईल की नाही, आणि होणार असेल तर कधी, हे या वेळेवरून मला सांगता येत नाही. त्या बराच वेळ त्या दोन चौकटींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे दिवाळीचं काही खरं नाही.” मी म्हटलं, “माझ्याजवळ तसं म्हणायला आधार नाही.”

बोलणी थांबवायला मात्र मी स्पष्ट सांगितलं, आणि ते ग्रहांवरून नाही. परस्परसंमतीने जायचं तर वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं (२०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून न्यायालय ही मुदत माफ करू शकतं). हुकूमनामा होण्याआधी केलेलं लग्न कायद्याने लग्नच नाही, वर गुन्हा. आणि निकाल एकतर्फी किंवा वादातून लागला तर अपिलाची मुदत जाऊ द्यावी लागते. वकिलाकडे जा म्हणून मी चिठ्ठी दिली. आणि तुझ्यासमोरच्या बाईच्या घरात मारहाण असेल तर पत्रिका उघडूच नकोस. २००५ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमले आहेत, आधी त्यांचा पत्ता दे.

दोन वर्षांनी त्या बाई पुन्हा आल्या होत्या, भावाच्या मुलाच्या बारशाला नाव काढायला. स्वतःबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

तुझ्या पत्रातल्या बाईंची जन्मवेळ तू “सकाळी दहा” लिहिली आहेस. नेमकी दहा, की कुणीतरी दहा म्हणून सांगितलेली? लग्नाचे अंशही कळव. पुढचं मग पाहू.

तुझा मामा,
गांधीबाग, नागपूर