भाजीवालीच्या तोंडची कविता

बेळगावच्या आमच्या मित्रमंडळींनी गेल्या सुट्टीत एक काम गळ्यात घातलं. गणपत गल्लीतल्या भाजीवाल्यांकडे प्लॅस्टिकची पिशवी बंद व्हावी म्हणून ते फिरणार होते, आणि गाळ्यागाळ्यावर लावायला एक कविता हवी होती. "तू शाळेत लिहायचास ना, मग लिही." मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण नाही म्हणायला आपल्याकडे जमतं कुणाला?

अशा मोहिमांच्या कविता तुम्ही वाचल्या असतील. त्यात वसुंधरा रडते, गाय प्लॅस्टिक खाते आणि शेवटी आपण शपथ घेतो. त्या खोट्या नाहीत, पण बाजारात उभ्या माणसाचा त्यांच्याशी संबंध येत नाही. म्हणून लिहिण्याआधी दोन सकाळी मी कडोलीकडून येणाऱ्या एका भाजीवाल्या मावशींच्या शेजारी पोत्यावर बसून काढल्या.

पहिल्या तासातच गोम कळली. मावशींना प्लॅस्टिकचं प्रेम मुळीच नाही. दिवसाला पाव किलोचं एक पुडकं संपतं, त्याचे चाळीस-पन्नास रुपये त्यांच्या पदरचे. मेथीच्या एका पेंडीमागे दोन रुपये सुटतात, म्हणजे वीस-पंचवीस पेंड्यांची कमाई फुकटच्या पिशव्यांत जाते. मग देता कशाला? "न्हाई दिली तर गिऱ्हाईक फुडं जातंय की दादा. फुडची देतीया न्हवं." एकटीनं बंद करणारीचं नुकसान नक्की, सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तर कुणाचंच नाही. त्यामुळे मोहीम एकेका गाळ्यावर न नेता पूर्ण ओळ एका दिवशी धरायची, असं मी मित्रांना सुचवलं.

कायदा आहेच. कर्नाटकात २०१६ च्या मार्चपासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे, महाराष्ट्रात २०१८ पासून. म्हणजे दोन वर्षं कोगनोळी नाक्याच्या अलीकडे निपाणीत जी पिशवी गुन्हा होती, ती पलीकडे कागलात चालत होती. आमची निम्मी सोयरीक त्या नाक्याच्या दोन्ही अंगांना, त्यामुळे आंब्याबरोबर पिशव्याही ये-जा करायच्या. पुढे केंद्राचा नियम आला आणि २०२२ च्या अखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी देशभर बाद झाली. पण तराजूमागे बसलेली बाई मायक्रॉन कशानं मोजणार?

तेव्हा कविता गिऱ्हाइकाशी बोलणारी हवी, भाजीवालीच्या तोंडची हवी, आणि तिच्यात पिशवी कशी हवी तेही यायला हवं. कारण 'कापडी' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा कापड नसतंच. लग्नात आहेराबरोबर येते ती रंगीत, बारीक ठिपके उठवलेली पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. ओळखायला सोपं आहे. कडेचा दोरा ओढून बघा. कापडाचा सुटा धागा निघतो, हिचा निघत नाही, कारण ती विणलेलीच नसते. काही महिने उन्हात राहिली की तिचा चुरा हाताला लागतो.

खऱ्या सुती पिशवीतही एक मेख आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली हिशेब मांडला होता. नवी सुती पिशवी तिथल्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानाच्या बाबतीत सरस ठरायला किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन असं सगळं धरलं तर ७,१०० वेळा! आठवड्यातून दोनदा बाजार केला तर पहिला आकडा सहा महिन्यांत गाठता येतो, दुसऱ्याला अडुसष्ट वर्षं लागतील. पण हा हिशेब नव्या कापडाचा. कपाटातलं जुनं लुगडं आपलं काम आधीच करून बसलेलं असतं. त्यामुळे मोहिमेसाठी नव्या छापील पिशव्या वाटायच्या कल्पनेला मी साफ विरोध केला.

आमच्या आईनं आजीचं एक नऊवारी काढलं. सव्वाआठ मीटर लांब, एक मीटर दहा सेंटिमीटर पन्हा. एका पिशवीला ४२ रुंद आणि ९५ लांब असा तुकडा, मधे दुमडून दोन्ही बाजू शिवायच्या. पन्ह्यात दोन तुकडे बसतात आणि कडेची २६ सेंटिमीटरची पट्टी बंदांना उरते. कागदावर सोळा पिशव्या होतात. प्रत्यक्षात अकरा झाल्या, कारण नेसून नेसून मधला भाग विरलेला होता. तो मऊ भाग वाया गेला नाही. त्याच्या कोथिंबिरीसाठी लहान पिशव्या झाल्या. पिशवी फाटते ती बंदाच्या मुळाशी, म्हणून आई तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारते. पाच किलो बटाटे घालून आम्ही एक तासभर खुंटीला टांगली, टाका हलला नाही.

ओल्या पालेभाजीचा प्रश्न मात्र खरा आहे. कापड भिजतं आणि स्कूटरवर पायजमाही. पण प्लॅस्टिकमध्ये तीच भाजी घाम धरते आणि कोथिंबीर संध्याकाळपर्यंत काळी पडू लागते. मावशी आता पेंडी दोनदा झटकून देतात, बाकीचं लहान पिशवी बघते.

छंद अष्टाक्षरी घेतला, म्हणजे ओळीला आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. हाका मारायला तो सोपा पडतो. आणि आपल्या बाजारात निम्मी हाक कन्नडमधून येते, म्हणून 'बट्टे चीला' (कापडी पिशवी) मुद्दाम ठेवलं.

दादा पिशवी आण रे,
तळाला बटाटा कांदा,
वर टमाटे ठेवीन,
नीट करू दे गा धंदा.

जुनं लुगडं आईचं,
शिव त्याची बट्टे चीला,
बंद दोन्ही घट्ट घाल
पाच किलो पेलायला.

कोथमिरीला वेगळी
लहान मऊ पिशवी,
घाम नको तिच्या अंगा,
राहू दे पानं हिरवी.

फुकट त्या पिशवीचा
पैसा माझ्या गाठीतला,
ती नाही दिली म्हणून
जाऊ नको दुसऱ्याला.

बाईमाणूस समोर असेल तर पहिली ओळ 'ताई पिशवी आण गं' अशी म्हणायची, अक्षरं तेवढीच राहतात. मावशींना वाचून दाखवली. पहिली तीन कडवी त्यांनी मान हलवत ऐकली, चौथ्याला मात्र पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "फुडं दुसरी बसलीया ती माझी जाऊच हाय. तिच्याबी गाळ्याला लावा, न्हाई तर मीच वाईट दिसंन."

दोन प्रती काढल्या, एक जावेला.