लाइट गेल्यावर नाही, लाइट आल्यावर मरतो राउटर

मागच्या आठवड्यात वाडीतल्या तीन घरांचे इंटरनेटचे डबे एकाच सकाळी गेले. त्यावर ग्रुपवर जी चर्चा झाली ती वाचून लिहायला बसलो. कोणी म्हणालं वीज पडली, कोणी म्हणालं केबलवाल्याचा माल हलका आहे, कोणी म्हणालं "यूपीएस लावला असता तर वाचला असता". माझ्याकडे यूपीएस होता. माझाही अ‍ॅडाप्टर गेला.

बाहेरगावच्यांसाठी एक सांगतो. आमची वाडी खोऱ्यात आहे, मोबाइलला रेंज धड नाही. फायबर आल्यापासून फोन वायफायवरून लागतात. त्यामुळे राउटर बंद पडला की नुसत्या मालिका बंद होत नाहीत, घरातला फोनच बंद होतो. रात्री कोणाला दम लागला तर डॉक्टरांना किंवा रिक्षावाल्याला फोन करायला रस्त्यापर्यंत चढून जावं लागतं. म्हणून ही चर्चा.

झालं असं. रात्री अकराला वारा सुटला, जांभळाची फांदी तारांवर आली, लाइट गेली. माझा छोटा यूपीएस (वहीएवढा डबा, आत लिथियमचे चार सेल) लगेच चालू झाला. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही त्याच्यावर. सव्वा तासाने आम्ही झोपलो, तोपर्यंत नेट चालू होतं. सकाळी साडेसहाला लाइट आली. ट्यूब एवढी लख्ख पेटली की बायको म्हणाली, "आज काय एवढा उजेड?" आणि समोरून अण्णा ओरडले, "अरे, आमचा बल्ब निखाऱ्यासारखा का झालाय?" एका घरात जास्त उजेड, समोरच्या घरात अंधुक. हे दिसलं की दुसरं काही न करता मेन स्विच खाली ओढायचा. मला ते तेव्हा सुचलं नाही. मी चहा ठेवला. तेवढ्यात कोपऱ्यातून फट् असा आवाज आला आणि जळका वास.

हे वीज पडणं नव्हतं. न्यूट्रल तुटला होता. खांबावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. आपल्या घरात एक फेज आणि न्यूट्रल, त्यांच्यामध्ये २३० व्होल्ट. अण्णांच्या घरात दुसरी फेज आणि तोच न्यूट्रल. ट्रान्सफॉर्मरकडे जाणारा न्यूट्रलचा जोड सुटला (आमच्याकडे खाऱ्या हवेने जोड सडतात), की माझं घर आणि अण्णांचं घर एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि दोघांवर मिळून दोन फेजमधले ४०० व्होल्ट येतात. आता वाटणी कशी होते बघा. अण्णांचा गीझर चालू, २००० वॉट. माझ्याकडे फ्रिज, पंखा, दिवे मिळून २०० वॉट, म्हणजे त्यांच्या दहावा हिस्सा. ज्याचा लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. लोड दहावा हिस्सा, तर व्होल्टेज दहापट. म्हणजे अण्णांकडे सुमारे ३६ व्होल्ट आणि माझ्याकडे सुमारे ३६४. प्रत्यक्षात एकेका फेजवर बरीच घरं असतात आणि तिसरी फेजही असते, त्यामुळे आकडे पुढेमागे होतात, पण प्रकार हाच. काटकसरीने राहणारा माणूस यात आधी मरतो, हा एक विनोदच आहे.

आता अ‍ॅडाप्टरचं बघू. त्याच्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, थोडं वर गेलं तरी सहन करतो. आत शिरलेली वीज आधी एका कॅपॅसिटरमध्ये साठते आणि तो बहुतेक वेळा ४०० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टची लाट तिच्या शिखराला ३२५ पर्यंत जाते, म्हणून ४०० चा पुरतो. पण ३६४ ची लाट शिखराला ५१५ व्होल्टला पोचते. तो फट् आवाज त्याचाच.

माझा अ‍ॅडाप्टर फुटला, पण फुटताना तुटला. यूपीएसची बॅटरी रात्रीच संपली होती, त्यामुळे राउटर बंदच राहिला, पण वाचला. शेजारच्या दोन घरांत यूपीएस नव्हता. तिथे अ‍ॅडाप्टर मरता मरता पुढे झटका देऊन गेला आणि फायबरचे डबेही गेले. तिसऱ्या घरात यूपीएस होता, तरी डबा गेला. हे ग्रुपवर कोणाला पटेना. पण हे छोटे यूपीएस बरेचसे असेच असतात. लाइट असताना अ‍ॅडाप्टरकडून येणारे १२ व्होल्ट ते तसेच पुढे राउटरला देतात आणि बाजूला बॅटरी भरत राहतात. अ‍ॅडाप्टरने १२ च्या जागी काही भलतं पाठवलं तर मध्ये अडवणारं कोणी नाही. यूपीएस हा लाइट गेल्यावरचा सोबती आहे, जास्त झालेल्या व्होल्टेजपुढचा पहारेकरी नाही.

मग पहारेकरी कोण? स्पाइक गार्डचा बोर्ड? त्यात एक गोल चकतीसारखा भाग असतो. क्षणार्धाचा झटका आला तर तो गिळतो. पण ३६० व्होल्ट मिनिटभर टिकले तर तोच तापून जळतो. शिवाय तो आधीच मेलेला असला तरी बोर्डावरचा लाल दिवा निवांत जळत राहतो. न्यूट्रल तुटल्यावर उपयोगी पडतो तो मेन स्विचच्या पुढे बसणारा व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज साधारण २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की तो सगळ्या घराची लाइन तोडतो, आणि सुधारल्यावर थोडं थांबून जोडतो. वायरमनकडूनच बसवून घ्या, आणि घराच्या लोडला पुरेल एवढ्या अँपिअरचा घ्या. मी आता बसवला आहे. पण जवळ वीज पडली तर एवढ्या झटपट तोही तोडू शकत नाही.

विजेवर उपाय एकच, प्लग काढणे. आणि इथे यूपीएसचा खरा उपयोग आहे, जो विकणारा सांगत नाही. बॅटरी आहे म्हणून आपण नेट बंद न करता भिंतीतला प्लग काढू शकतो! गडगडायला लागलं की मी यूपीएसचा प्लग उपसून ठेवतो, फोन चालू राहतो. लाइट गेली तरी उपसतो. परत आल्यावर पाच-दहा मिनिटं ट्यूब स्थिर आहे ना ते बघतो आणि मगच लावतो. त्या सकाळी रात्रीच प्लग काढला असता तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती. फायबर काचेचा असल्यामुळे त्यातून झटका येत नाही. पण राउटरमधून टीव्हीला, कॉम्प्युटरला किंवा अंगणातल्या कॅमेऱ्याला तांब्याची लॅन केबल गेली असेल तर तीही काढा. दुसऱ्या टोकाचं यंत्र भिंतीला जोडलेलं असतं, झटका तिकडून येतो.

आता नवीन घेणाऱ्यांसाठी. डब्यावर ८८०० एमएएच असं मोठं लिहिलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप आहे. गुणाकार केला की साडेबत्तीस वॉट-तास. १२ व्होल्ट करण्यात थोडं वाया जाऊन हातात सत्तावीस-अठ्ठावीस. माझा डबा आणि राउटर मिळून १२ वॉट खातात, म्हणजे सव्वादोन तास. नवीन असताना एवढंच मिळालं, दोन वर्षांनी मोजलं तर तास-सव्वातास. २०२० च्या निसर्ग वादळात दिवसचे दिवस लाइट नव्हती, तसल्या प्रसंगी याचा भरवसा धरू नका. विकत घेण्याआधी आपल्या अ‍ॅडाप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२ ते वाचा. ९ च्या राउटरला १२ देऊन मारलेले मी बघितले आहेत. आणि यूपीएसला खाऊ घालणारा अ‍ॅडाप्टर दोन अँपिअरचा तरी असू द्या, कारण लाइट आल्यावर त्याला राउटर चालवायचा असतो आणि रिकामी बॅटरीही भरायची असते. जुना एक अँपिअरचा लावला तर तो चटका बसेल एवढा तापतो. डबा फुगलेला दिसला तर लगेच बाहेर काढा, परत चार्ज करू नका.

आणि राउटर "गेला" म्हणून लगेच नवा घेऊ नका. एकही दिवा लागत नसेल तर आधी तेवढ्याच व्होल्टचा शेजाऱ्याचा अ‍ॅडाप्टर लावून बघा. दिवे लागतात, पण संध्याकाळी सगळे मोबाइल जोडले की राउटर आपोआप बंद-चालू होतो, हेही बऱ्याचदा अ‍ॅडाप्टरचंच दुखणं. झटक्याने आतला भाग अशक्त होतो. रिकामा मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो, ओझं पडलं की खाली बसतो.

एक प्रश्न मात्र आपण घरात सोडवू शकत नाही. लाइट गेल्यावर तुमचा यूपीएस चालू आहे, सगळे दिवे आहेत, पण एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय, तर प्रकाश तुमच्यापर्यंत येतच नाही. फायबर तुटला असेल, नाहीतर केबलवाल्याच्या मुख्य यंत्राची लाइट गेली असेल. वाटेत नुसते फायबर वाटणारे डबे असतील तर त्यांना वीज लागत नाही. पण कुठे खांबावर किंवा कोणाच्या पडवीत विजेवरचा स्विच ठेवला असेल, तर त्याची बॅटरी संपली की खालची सगळी घरं गेली. आपल्याकडे सड्यावरच्या दुकानाजवळ असा एक स्विच आहे, आणि त्याची बॅटरी वीस मिनिटंही टिकत नाही. मी घड्याळ लावून बघितलंय. वाडीतली एकोणीस घरं त्याच्यावर आहेत.

रविवारी दहाला देवळात जमू. दोन कागद करायचे आहेत. एक केबलवाल्याला, त्या स्विचच्या बॅटरीसाठी. दुसरा वीज कार्यालयाला, ट्रान्सफॉर्मरपासून वाडीपर्यंतचे न्यूट्रलचे जोड बदलण्यासाठी. त्या दिवशी लाइनमनदादांनी पावसात चढून जोड बांधून दिला, पण तो तात्पुरता आहे हे तेच सांगून गेले. ज्यांचं काही जळलं असेल त्यांनी तारीख, वेळ आणि वस्तू लिहून आणा, फुटलेला अ‍ॅडाप्टर फेकला नसेल तर तोही. आणि तोपर्यंत कोणाकडे ट्यूब भलतीच लख्ख पेटली, तर आधी मेन स्विच, मग ग्रुपवर मेसेज.