न दुमडलेली किनार

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. त्या उणिवेतून चंडीगड हे शहर आखले गेले. या शहराच्या दहाव्या सेक्टरमध्ये एक शासकीय संग्रहालय आहे. तेथील गांधार शैलीची कितीतरी शिल्पे मूळची लाहोरच्या संग्रहालयातली. 1948 साली त्या संग्रहालयाची वाटणी झाली. 60 टक्के वस्तू लाहोरला राहिल्या आणि 40 टक्के भारताच्या वाट्याला आल्या. दगडी मूर्तींची अशी मोजदाद झाली. परंतु त्याच काळात जी माणसे घरदार सोडून इकडे आली, त्यांच्या बोचक्यांतील वस्तूंची यादी कोणी केली नाही. ती त्यांच्या स्मरणातच राहिली. आणि ते स्मरण आता नव्वदीला टेकले आहे.

चंडीगडच्या एका घरातील पेटीत असेच एक वस्त्र होते. जाड्याभरड्या लाल खद्दरवर सोनेरी रेशमाने भरलेली, चादरीएवढी मोठी ओढणी. घरातील नानीने, म्हणजे आईच्या आईने, ती पुण्यात राहणाऱ्या आपल्या लेकीकडे पाठवून दिली. लेकीने ती उलगडली, तेव्हा तिच्या कडा दुमडून शिवलेल्या नव्हत्या. काम अर्धेच राहिले असावे, असे सर्वांना वाटले. शिंप्याकडून कडा शिवून घ्याव्यात, असा बेत ठरला. तेवढ्यात नातीने नानीला ई-मेल पाठवला: "नानीजी, या ओढणीची गोष्ट सांगा ना. तुमच्यानंतर ती सांगणारे कोणी नाही."

उत्तर दोनच ओळींचे आले. "बेटा, ती माझ्या आईची. पाकिस्तानातून आणली."

नानीला काही लपवायचे होते, असे नाही. प्रश्नच एवढा मोठा होता की त्याला कोठून धरावे, हे तिला उमगले नाही. 'गोष्ट सांगा' म्हटले की म्हातारी माणसे बहुधा अशीच गप्प होतात. 'पेटी कोठे ठेवलेली असे?' असे विचारले, की मात्र ती बोलू लागतात.

नातीने मग ओढणी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिली. तिला तीन गोष्टी दिसल्या. कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच होती. उलट कोणती आणि सुलट कोणती, ते सांगता येत नव्हते. भरतकाम फक्त कडेकडेने होते, मधला भाग मोकळा होता. आणि चारही कोपऱ्यांतले रेशीम विस्कटले होते, तेथील खद्दरही चुरगळून विरविरीत झाली होती. तिने या तिन्ही गोष्टींची छायाचित्रे काढली आणि दुसरा ई-मेल लिहिला. त्यात छोटे छोटे प्रश्न होते. ही कोणी भरली? कोणासाठी? कोपरे कशाने विरले? आणि शेवटी एक विनंती होती: "नानीजी, जे तुम्ही स्वतः पाहिले आणि जे ऐकले, ते वेगवेगळे लिहा."

या खेपेस उत्तर यायला आठ दिवस लागले. नानीने वहीत गुरुमुखीत चार पाने लिहिली आणि मामाने त्यांची छायाचित्रे ई-मेलला जोडून पाठवली.

पहिलेच वाक्य कडांविषयी होते. "शिंप्याकडे देऊ नका. ही अर्धवट नाही. ही चोप आहे."

मराठी कानाला हा शब्द चमत्कारिक वाटेल. पण पंजाबात चोप म्हणजे लग्नाची एक विशिष्ट फुलकारी. नेहमीची फुलकारी कापडाच्या उलट्या बाजूने, धागे मोजून, रफूसारख्या टाक्याने भरतात. तिचे रेशीम सुलट बाजूला झळकते आणि उलट बाजूला फक्त ठिपके उमटतात. चोपेचे तसे नसते. तिच्यावर आधी एक धावदोरा घालतात आणि मग त्याच वाटेने परत येत मधली रिकामी जागा भरतात. म्हणून नक्षी दोन्हीकडे सारखी उमटते. चोप नवरीची नानी भरते आणि लग्नात नातीला देते. तिच्या कडा मुद्दाम मोकळ्या ठेवतात; मुलीच्या सौभाग्याला किनार, म्हणजेच मर्यादा, पडू नये अशी त्यामागची समजूत. जी कड पुण्यात उणीव ठरली होती, तोच तिकडचा आशीर्वाद होता.

घरात आजवर असे बोलले जाई, की ही ओढणी नानीने स्वतःच्या लग्नासाठी भरली. ते खरे असणे शक्य नव्हते. एक तर चोप नवरी स्वतः भरत नाही. शिवाय देश सोडला तेव्हा नानी अवघी दहा वर्षांची होती. तिने लिहिले, "ही माझ्या आईच्या नानीने भरली. हे मी आईकडून ऐकले आहे."

कोपऱ्यांविषयी मात्र तिने पुढे लिहिले, "हे मी पाहिले आहे." मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील गावांत दंगली उसळल्या. आईने घाईने पेटी उघडली, घरातले सर्वांत मोठे आणि मजबूत कापड काढले आणि त्यात भांडी, पीठ व मुलांचे कपडे घालून चार कोपऱ्यांची गाठ मारली. ते कापड म्हणजे हीच चोप. गाठ इतकी घट्ट होती की पतियाळ्याला पोहोचल्यावर ती दातांनी सोडवावी लागली. पीळ न दिलेले रेशीम तेथेच विस्कटले. ते विरलेले कोपरे म्हणजे त्या प्रवासाची खूणच होती. पण ती वाचायला गाठ पाहिलेला माणूस हवा होता.

अमृतसरच्या टाऊन हॉलमध्ये 2017 साली फाळणीचे संग्रहालय सुरू झाले. तेथे एक फुलकारीचा कोट आणि एक चामड्याची पेटी ठेवलेली आहे. कोट एका मुलीचा आणि पेटी एका तरुणाची. दोघांचे लग्न फाळणीपूर्वीच ठरले होते. ताटातूट झाली आणि पुढे निर्वासितांच्या छावणीत त्यांची पुन्हा भेट झाली. ते दोघे आज नाहीत. त्यांची हकिकत त्यांच्या सुनेने सांगितली. तिने ती आधीच ऐकून ठेवली नसती, तर तेथे एक जुना कोट आणि एक जुनी पेटी एवढेच उरले असते.

नानीच्या चार पानांत एका प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. चोप भरणाऱ्या त्या बाईचे नाव काय? "मला ठाऊक नाही, बेटा. आई तिला नानीच म्हणत असे. आम्ही कधी विचारले नाही." फुलकारीवर भरणारीचे नाव घालण्याची रीत नव्हती, आणि घरात तिला नात्यानेच हाक मारली जाई. नात्याची हाक मारणारे गेले, की नाव सापडण्याची वाट उरत नाही.

शिंप्याचा बेत रद्द झाला. चोप धुतली नाही, कारण जुना लाल रंग पाण्यात उतरतो आणि रेशमावर पसरतो. घडीवर कापड चिरते, म्हणून ती सुती कापडासह नळीवर गुंडाळून ठेवली. ई-मेलमधील चार पाने कागदावर छापून, मराठीत उतरवून, त्याच पेटीत ठेवली. 'पाहिलेले' आणि 'ऐकलेले' असे दोन भाग नातीने तसेच राहू दिले. 'ठाऊक नाही' हेही तिने गाळले नाही.

मग तिने नानीला तिसरा ई-मेल पाठवला. त्यात एकच प्रश्न होता: "नानीजी, तुमच्या आईचे माहेरचे नाव काय होते?"