पुठ्ठ्याचं घर आणि पडद्यावरचं ऊन

अंबाजोगाईत बालाघाटाच्या उतारावर एका निवृत्त गुरुजींचं घर करायला घेतलं होतं. प्लॉट उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणारा. घराच्या जागेपुरतं बोलायचं तर पंधरा मीटरांत दोन मीटर उतार. हल्ली अशा जागेवर पहिलं काम जेसीबीचं असतं: वरचा मुरूम खरवडायचा, खालच्या बाजूला भर टाकायची आणि सपाट जोत्यावर घर बसवायचं. गुरुजींना भर नको होती. भरीवरच्या फरशा खचलेल्या त्यांनी शेजारी पाहिल्या होत्या.

मी आधी डंपी लेव्हलने उंच-सखलपणा मोजून घेतला आणि सनबोर्ड कापायला बसलो. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड आणि एकास शंभर हे प्रमाण यांची जोडी चांगली जमते, कारण एक थर म्हणजे बरोबर अर्धा मीटर. चार थरांत सगळा उतार उभा राहिला. त्यावर माउंटबोर्डच्या भिंती आणि जुन्या लग्नपत्रिकांची छपरं. भिंती मुद्दाम टाचण्यांवर टोचल्या, चिकटवल्या नाहीत. अभ्यासासाठी केलेलं मॉडेल मोडता आलं पाहिजे. फेव्हिकॉल एकदा वाळला की आपण त्या रचनेची बाजू घ्यायला लागतो.

हे मॉडेल मी गुरुजींच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. संगणकावर तोच आराखडा तोवर उतरवला असता, तर पडद्यासमोर मी बसलो असतो, माउस माझ्या हातात असता, आणि गुरुजी आणि काकू मी दाखवीन तेवढंच बघत राहिले असते. पुठ्ठ्याच्या भोवती मात्र माणसं फिरतात. काकूंनी छप्पर उचलून ठेवलं आणि स्वयंपाकघरातून न्हाणीकडे बोट चालवत नेलं. मिस्त्री वरच्या बाजूला उकिडवे बसले. त्यांचं बोट उतारावरून खाली आलं आणि मागच्या भिंतीपाशी थांबलं. "सायेब, वरचं सगळं पाणी ह्या भिंतीवर येतंय की."

खरं होतं. वरच्या अंगाला आडवी चर काढून पाणी घराच्या पूर्वेकडून वळवायचं तिथंच ठरलं. मिस्त्रींच्या मदतनीस पोराला मॉडेलवर तांब्याने पाणी ओतून बघायचं होतं, पण त्याने काही कळलं नसतं. पाण्याचा थेंब मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाही. तो पायरीवर गोळा होऊन बसतो. पुठ्ठ्याच्या ताकदीचंही तसंच. पत्रिकेचं छप्पर मॉडेलवर बोटभर पुढे आलं तरी वाकत नाही, म्हणून तेवढा स्लॅब आधाराविना उभा राहील असं समजायचं नसतं. लांबी, रुंदी, उंची दसपट केली की वजन हजारपट होतं आणि ते पेलणारा छेद फक्त शंभरपट.

घर दोन पातळ्यांचं करायचं हेही ओसरीवरच ठरलं. दक्षिणेकडे खाली बैठक, उत्तरेकडे दीड मीटर वर स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या, आणि दोन्हींच्या मध्ये ३.६ मीटर रुंदीचा चौक. चौक कोणत्या पातळीवर ठेवायचा? काकू पुठ्ठ्याचा चौकोन कधी खाली बैठकीला लावायच्या, कधी वर स्वयंपाकघराला. बघायला दोन्ही छान. त्यांची अट एकच, थंडीत दुपारी चौकात उन्हाला बसता आलं पाहिजे.

आता प्रश्न आकड्यांचा झाला होता, आणि पुठ्ठा तिथे तोकडा पडतो. मॉडेल अंगणात नेऊन सावली बघता येते, पण ती त्या दिवसाची. आम्ही हे बोलत होतो ते उन्हाळ्यात, आणि डिसेंबरचा सूर्य मागवून आणता येत नाही. छायायंत्र चिकटवून मॉडेल तिरकं धरण्याची जुनी युक्ती आहे. पण छपराची उंची बदलली की तो खटाटोप पुन्हा.

म्हणून स्केचअप उघडलं. इथे आधी एक खात्री करून घ्यावी लागते. फाइलला स्थळ दिलं नाही, तर हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या बोल्डर गावचं ऊन दाखवतं, आणि ते चाळीस अक्षांशांवर आहे. अंबाजोगाई पावणेएकोणीसच्या आसपास. चित्र दोन्हीकडे सारखंच देखणं दिसतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. मी जून महिन्याची भरदुपार लावून बघतो. आपल्याकडे साधारण मध्य मे ते जुलैअखेर सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर भरदुपारी थोडं तरी ऊन दिसलंच पाहिजे. दिसलं नाही, तर स्थळ किंवा उत्तर दिशा चुकलेली असते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य भरदुपारी, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या जरा आधी, जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. बैठकीचा स्लॅब आणि वरचा कठडा धरून दक्षिणेची बाजू तिच्या फरशीपासून ४.१५ मीटर उंच. चौक खाली ठेवला तर तिची सावली पावणेचार मीटर पडते, म्हणजे सगळा चौक सावलीत. चौक दीड मीटर वर घेतला की त्याच छपराची उंची चौकातून २.६५ मीटर उरते, सावली २.४ वर येते आणि उत्तरेकडे सव्वा मीटरचा उन्हाचा पट्टा मिळतो. विटांच्या कठड्याऐवजी उघडी लोखंडी जाळी लावली, तर तोच पट्टा दोन मीटरांच्या पुढे जातो. तारखेची पट्टी सरकवत हे सगळं काही मिनिटांत बघून झालं. मेची दुपारही बघितली. त्या दिवसांत सूर्य थेट डोक्यावर, भिंती कितीही उंच केल्या तरी चौक तापणारच. सावली वरूनच आणावी लागणार होती, म्हणून मांडवासाठी कड्या ठेवल्या.

दुसरी गोष्ट जिन्याची. खालून वर दीड मीटर चढायला पंधरा सेंटिमीटरच्या दहा पायऱ्या. बैठकीच्या स्लॅबखालचा बीम २.७ मीटरवर. डोक्यावर २.१ मीटर मोकळं हवं, तर तो बीम चौथ्या पायरीच्या पुढे जाता कामा नये. पाचवीवर गेला की १.९५ उरतात आणि उंच माणूस कपाळ आपटतो. मॉडेलमध्ये एक पायरी म्हणजे दीड मिलिमीटर. कटर तेवढा इकडेतिकडे जातोच, आणि पुठ्ठ्याची जाडीच दोन मिलिमीटर असते. संगणकात छेद घेतला आणि बीम मागे घेतला.

मग सगळंच संगणकात का करू नये, असं माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणारी मुलं विचारतात. मी त्यांना त्याच बैठकीचं पडद्यावरचं चित्र दाखवतो. कॅमेऱ्याचा कोन थोडा रुंद केला की दहा बाय बाराची खोली दिवाणखान्यासारखी भासते, आणि मोठं-छोटं करायचं बटण हाताशी असल्यामुळे आपण किती जवळ उभे आहोत याचं भान सुटतं. शिवाय त्यात फरशी आणि रंग आपोआप येतात. गुरुजींना पडद्यावर चौक दाखवला तेव्हा पहिला प्रश्न फरशी कोटा की शहाबादी, हा होता. चौकाची जागा ठरलेली होती म्हणून चाललं. ओसरीवरच्या त्या पहिल्या भेटीत हेच झालं असतं, तर पाण्याचा विषय निघाला नसता.

पुठ्ठ्यालाही खोड आहे. त्याकडे आपण घारीसारखं वरून बघतो आणि छपरांच्या रचनेवर खूश होतो. मी मोबाइल उलटा धरून त्याचं भिंग मॉडेलला टेकवतो, दीड सेंटिमीटर उंचीवर, आणि तो फोटो बघतो. पहिल्या फोटोत वरच्या चौकातून बैठकीचा कठडा छातीवर आल्यासारखा दिसत होता, त्यामुळे जाळीबद्दल काकूंना वेगळं पटवावं लागलं नाही.

मॉडेल नंतर कामावर गेलं. कुठली भिंत आधी, सेंट्रिंग कुठून सुरू करायचं, हे मिस्त्री त्यावरच कामगारांना समजावत. त्याच्या कडेला मी मार्करने ठळक लिहून ठेवलं होतं, ‘माप नकाशावरून घ्यावे’, कारण मिस्त्रींच्या खिशात टेप कायम असायचा आणि पुठ्ठ्यावर तो लावायचा मोह कोणालाही होतो.