भट्टीच्या बिलातले एक लाख आठ हजार

गंगापूर रोडवर बेकरी टाकायची असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं, तेव्हा वहीत यंत्रांसाठी सहा लाखांचा आकडा लिहून ठेवला होता. भट्टी ३,२०,०००, कणीक मळायचं यंत्र १,१०,०००, डीप फ्रीझर ९०,००० आणि काचेचा काउंटर ८०,०००. विक्रेत्यांनी तोंडी सांगितलेले हेच भाव. कोटेशन हातात आलं तेव्हा खाली १८ टक्के जीएसटीची ओळ होती. एकूण ७,०८,०००.

वरचे १,०८,००० खालाकडून घेतले. बिनव्याजी, विश्वासावर. "चार-पाच महिन्यांत परत देतो," असं आम्ही बेधडक सांगितलं, कारण नात्यातल्या एका बेकरीवाल्यांनी आधी तसंच अनुभवलं होतं. "यंत्रावरचा टॅक्स परत मिळतो," हे त्यांचं वाक्य आम्ही जसंच्या तसं उचललं. सरकार तो पैसा बँक खात्यात टाकतं, अशी आमची समजूत झाली.

ही समजूत कर सल्लागारांनी मोडली. पण त्याआधी त्यांनी एक मोठं नुकसान टाळलं. विक्रेता बिल भाईजानच्या नावावर लगेच फाडायला तयार होता आणि आमची नोंदणी अजून झाली नव्हती. नव्या नोंदणीवेळी शिल्लक कच्च्या मालाचं क्रेडिट मिळतं, पण आधी घेतलेल्या यंत्रांचं मिळत नाही. ते बिल घेतलं असतं, तर १,०८,००० कायमचे गेले असते. आम्ही भट्टी दोन आठवडे पुढे ढकलली, नंबर आला, मगच बिल घेतलं. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या वर जाणार हे दिसत असल्यामुळे नोंदणी तशीही टळणार नव्हती. कंपोझिशनमध्ये हिशोब सोपा असतो, पण त्यात क्रेडिटच नाही, आणि आम्हाला इतर दुकानांना टॅक्सचं बिल देऊन माल घालायचा होता.

आता "परत मिळतो" म्हणजे काय? गिऱ्हाइकाकडून घेतलेला टॅक्स दर महिन्याला सरकारकडे भरायचा असतो. तो रोख न भरता या जमा क्रेडिटमधून वळता करायचा, एवढंच. हातात काही येत नाही, फक्त जाणारं थांबतं. म्हणजे जेवढी विक्री, तेवढाच परतीचा वेग.

आणि इथेच आमचा हिशोब चुकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, खारी, बिस्किटं यांवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकासाठी चांगलंच झालं. भट्टीवर मात्र १८ टक्केच राहिले. नातेवाइकांनी जुन्या दरात यंत्राचं क्रेडिट भराभर वापरलं होतं. आम्ही महिन्याला चार लाखांची विक्री धरली होती. त्यातला ८०,००० रुपयांचा ब्रेड, त्याला टॅक्सच नाही. उरलेल्या ३,२०,००० वर ५ टक्क्यांनी १६,००० होतात. लोणी, साखर, खोकी यांचं क्रेडिट वजा केलं की सुमारे सहा हजार उरतात. १,०८,००० ला सहा हजारांनी भागा. अठरा महिने!

ब्रेडमुळे आणखी एक गोष्ट होते. त्याच भट्टीत करमाफ मालही भाजला जातो, म्हणून यंत्राचं क्रेडिट साठ महिन्यांवर पसरवून करमाफ विक्रीचा हिस्सा परत करावा लागतो. महिन्याचे १,८००, त्यातला पाचवा भाग ३६०. वरच्या सहा हजारांत हे धरलेले आहेत. पण पाच वर्षांत हे २१,६०० होतात, म्हणजे पूर्ण टॅक्स कधीच परत येत नाही. दारात दोन टेबलं टाकून चहा-केक द्यायचा भाईजानचा बेतही आम्ही सोडला, कारण बसून खाण्याची विक्री पाच टक्क्यांच्या हॉटेलच्या नियमात जाते आणि तिच्या वाट्याचं क्रेडिट मिळत नाही.

फ्रीझरच्या बिलाची वेगळीच कथा. बिल आमच्याकडे होतं, पैसे चुकते होते, पण पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये ते दिसेना. विक्रेत्याने आमच्या नंबरचा एक आकडा चुकवला होता. तो दुरुस्त होईपर्यंत १६,२०० अडकून राहिले. तेव्हापासून महिन्याच्या १४ तारखेनंतर आम्ही ते पान उघडून प्रत्येक बिल वहीशी ताडून पाहतो.

खालाकडे आम्ही दोघं मिळून गेलो आणि कागदावर सगळं मांडलं. चार महिन्यांत जमणार नाही, हे सांगताना भाईजानची मान खाली होती. खालाने कागद नीट पाहिला आणि विचारलं, "मग महिन्याला सहा हजार तरी नक्की ना?" तेच ठरलं. दर महिन्याच्या २० तारखेला रिटर्न भरतो, टॅक्सचे जे सहा हजार रोख भरावे लागले नाहीत, ते त्याच दिवशी खालाच्या खात्यात जातात. आतापर्यंत पाच हप्ते गेलेत. रमजाननंतरच्या एका महिन्यात विक्री कमी झाली, क्रेडिट चारच हजार वापरलं गेलं, आणि दोन हजार गल्ल्यातून घालावे लागले.