अर्धा किलो बियांचा हिशोब



आपल्या जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यात कॉफी पिकते, तरी घरी भाजायला हिरव्या बिया मी ऑनलाइनच मागवते. पहिल्या वेळी जूनमध्ये किलोभर घेतल्या, कागदी पिशवीतच ठेवल्या. श्रावणात उघडल्या तर गोणपाटासारखा वास आणि काही बियांवर पांढरी बुरशी. बुरशी म्हणजे अनंतकाय, वरून चातुर्मास. पैशापेक्षा त्याचंच फार लागलं.

तेव्हापासून मी वजन लिहून ठेवते. कच्च्या बियांत साधारण १० ते १२ टक्के ओलावा हवा. मागच्या वर्षी अर्धा किलो आल्या, विक्रेत्याने ११ टक्के लिहिले होते. म्हणजे ५०० ग्रॅममध्ये पाणी ५५ ग्रॅम. त्यातल्या थोड्या अकोल्याला नणंदेकडे द्यायच्या म्हणून आषाढात पुन्हा तोलल्या, तर ५१० ग्रॅम! "वहिनी, वजन वाढलं, फायदाच झाला की," ती हसली. अगं, वाढले ते दहा ग्रॅम पाणीच ना! आता पाणी ६५ ग्रॅम, ५१० मध्ये म्हणजे जवळजवळ पावणेतेरा टक्के. वास ठीक होता, बुरशी नव्हती, म्हणून त्याच दिवशी सगळ्या भाजून टाकल्या. आपल्याकडच्या मे महिन्यात उलटं होतं. तेच ५०० चे ४९० झाले की ओलावा ९ टक्क्यांवर येतो, कॉफी फिकी लागते. हा हिशोब विक्रेत्याचा आकडा खरा असेल तरच जमतो, हे मात्र लक्षात ठेवा.

आता मी एका वेळी अर्धाच किलो घेते, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करते आणि आतल्या खोलीत डब्यात ठेवते.

पाकिटावरची तारीख बहुधा भरल्याची असते. मी विचारते, पीक कोणत्या हंगामाचं? आपल्या दक्षिणेतली अरेबिका साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडतात. तिथून वर्षभर ठीक, पुढे हिरवा रंग पिवळट पडतो आणि वाळल्या गवताचा वास येतो. मान्सून्ड मलबार मात्र मुद्दाम पावसाळी हवेत ठेवून फिकट केलेली असते, तिला शिळी समजू नका.

आकाराचं म्हणाल तर ए दर्जा म्हणजे १७ नंबरच्या चाळणीवर राहणारी बी, रुंदी सुमारे पावणेसात मिलिमीटर. दहा बिया कडेला कडा लावून आडव्या मांडल्या की पट्टीवर साधारण पावणेसात सेंटिमीटर भरतात. मोठी बी म्हणजे चांगली चव असं नाही. पण लहानमोठ्या मिसळल्या असतील तर कढईत बारीक करपतात आणि जाड कच्च्या राहतात. एकदा तशाच आल्या, तेव्हा थाळीत निवडून दोन घाणे वेगळे भाजले. नणंदेला बारीक बियांची कॉफी जास्त आवडली.